दगडी सडाच्या तोंडाशीच अडवावी

“दगडी झाली की डॉक्टर आहेतच, मग रोज सडे औषधात बुडवायची कशाला? आणि भाकड गाईला औषध म्हणजे पैसे पाण्यात!” असा युक्तिवाद अनेक गोठ्यांत ऐकू येतो. कास सुजली, दुधात गुठळ्या आल्या, तेव्हाच रोग सुरू झाला, असे त्यात गृहीत धरलेले आहे. ते चूक आहे.

जंतू शिरतात ते सडाच्या छिद्रातून. धार काढल्यावर हे छिद्र लगेच मिटत नाही. निदान अर्धा तास सैलच असते. धार काढणाऱ्याच्या हातून एका गाईचे जंतू दुसरीच्या सडावर आलेले असतात ते वेगळेच. म्हणून धार संपताच अर्धा टक्का आयोडीन व ग्लिसरीन असलेल्या औषधात सडे निदान दोन-तृतीयांश बुडवावीत आणि लगेच पुढ्यात वैरण टाकावी, म्हणजे गाय उभी राहते.

“बुडवूनही दगडी होतेच” हा आक्षेप अर्धा खरा आहे. शेणाचिखलातले जंतू दोन धारांच्या मधल्या वेळेत शिरतात. तिथे कोरडी जागाच कामाची. पण हाताने पसरणारी दगडी मात्र या बुडवण्याने निश्चित कमी होते.

डॉक्टरांवर सगळा भार टाकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कासेत खोल घर करतो. इंजेक्शनने सूज उतरते, दूध चांगले दिसते, जंतू मात्र पुष्कळदा आतच राहतो. त्याला गाठायची उत्तम वेळ म्हणजे भाकड काळ, कारण तेव्हा औषध धारेबरोबर बाहेर जात नाही.

समजा, गाय 15 जानेवारीच्या सुमारास विणार आहे. मग 15 नोव्हेंबरच्या आसपास तिला आटवावी. त्याआधी अर्ध्या लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून प्रत्येक सडाचे दूध तेवढ्याच द्रावणात वेगवेगळे ढवळावे. मागच्या उजव्या सडाचे दूध चिकट झाले, तर दिसत नसलेली दगडी तिथे आहे. आटवण्याआधी काही दिवस खुराक कमी करावा. शेवटची धार पूर्ण काढून, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, डॉक्टरांच्या सल्ल्याने भाकड काळाची ट्यूब चारही सडांत सोडावी. नळी किंचितच आत घालावी, सडे बुडवावीत आणि पुन्हा धार काढू नये. पहिले दोन आठवडे आणि विण्याआधीचे दोन आठवडे कास रोज पाहावी, कारण नवा संसर्ग याच काळात जास्त होतो. ही ट्यूब दुभत्या गाईला कधीही देऊ नये.

निरोगी गाईलाही सरसकट प्रतिजैविक द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. चारही सडे स्वच्छ निघाली, तर सडाचे तोंड बंद करणारे सीलंट डॉक्टरांकडून भरून घेणे पुरते. ज्या गोठ्यात दगडीवरचा सगळा खर्च इंजेक्शनांवर होतो, तिथे तो खर्च उशिरा आणि चुकीच्या जागी होतो आहे.