गुरुजींची एक जून

आमच्या वस्तीतले गुरुजी ३१ मे २०२५ रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. मे अखेर शाळेला सुट्टी, म्हणून निरोप १ मेलाच, निकाल वाटून झाल्यावर दिला.

गुरुजी म्हणाले, "माझा जन्म पोळ्याचा, असं आई सांगायची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली. एक तारखेचा माणूस आदल्या महिनाअखेरीसच घरी जातो. मास्तरांच्या टाकानं माझा चार महिन्यांचा पगार खाल्ला!" आम्ही कारकून मंडळी जरा जास्तच हसलो.

"म्हणून मी प्रत्येक आईला विचारायचो, पोरगं भीमजयंतीच्या आधीचं की नंतरचं? आठवून सांगणाऱ्या त्या मायबहिणींचे आभार. हजेरीपटातली माझी बेरीज गुपचूप पेन्सिलीनं सुधारणाऱ्या बाईंचेही. आणि पोरांनो, तुम्ही पाढे चुकलात, म्हणून माझी नोकरी टिकली."

मागून एक जुना विद्यार्थी, आता एसटीत वाहक, म्हणाला, "गुरुजी, माझी तर १ जूनच आहे!"

गुरुजींनी चष्मा काढला. "तुझं नाव घातलं त्या दिवशी आई मजुरीला गेली होती, बाळा. आजा घेऊन आला होता. त्याला आठवेना."