वारं गेलं म्हणू नका, घड्याळ बघा

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या हातातून सकाळी साडेसहाला चहाचा कप निसटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं जड झालं. घरच्यांना वाटलं, थंडीनं वारं गेलं. गोधडी पांघरून निजवलं, हाताला तेल चोळलं. नऊ वाजता जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं. तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं, तर तिथं सीटी स्कॅनच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी स्कॅन झालं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मावशींचा उजवा हात आजही उचलत नाही. चार घरची धुणीभांडी सुटली.

घरच्यांनी हयगय केली असं आम्ही म्हणणार नाही. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला घाई वाटली नाही. छातीत कळ आली की माणूस ओरडतो. मेंदूचा झटका बहुतेक वेळा न दुखता येतो.

हे वारं नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी रक्ताच्या गाठीनं बंद होते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक स्कॅनमध्येच कळतो. गाठ असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. रक्तवाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नका, बीपी उतरवायची जादा गोळीही देऊ नका. पाणीसुद्धा पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

संशय आला की माणसाला हसायला सांगा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी 108 ला फोन करा. दहा मिनिटांत सगळं नीट झालं तरी न्याच. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?" ती वेळ कागदावर लिहून न्या. झोपेतून उठताना त्रास दिसला, तर रात्री झोपतानाची वेळ सांगा. उशीर झाला म्हणून घरी ठेवू नका. काही रुग्णांना नंतरही उपचार मिळतात.

आमचं मत स्पष्ट आहे. अशा वेळी जवळचा दवाखाना शोधणं ही चूक आहे. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन रात्रंदिवस मिळणारा दवाखाना शोधायला हवा. तो झटका आल्यावर शोधून भागत नाही. या रविवारी चार जणांनी आसपासच्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत जाऊन विचारावं, आणि जिथं "हो" म्हणतील त्याचं नाव विहाराच्या फळ्यावर लिहावं. मावशींचे नऊनंतरचे चार तास तिथंच वाचले असते.