कांजिण्यांची रजा आणि परतीची तारीख

कांजिण्या झालेल्या मुलाच्या पालकाने शाळेला लिहायचे पत्र म्हणजे हजेरीपटावर रजेची नोंद व्हावी म्हणून पाठवायचा कागद, अशी समजूत पालकांत आणि शाळांतही सर्रास आढळते. ‘पाल्याची प्रकृती बरी नसल्याने तो आठ दिवस शाळेत येऊ शकणार नाही, तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ या ठरावीक वाक्यात आजाराचे नाव नसते, पुरळ कोणत्या दिवशी उठले याचा उल्लेख नसतो आणि ते आठ दिवस कोठून मोजले हेही कळत नाही. असे पत्र लिहिणारा पालक खोटे काही बोलत नाही हे मान्य केले, तरी ज्या माहितीवाचून शाळेला पुढचे एकही पाऊल उचलता येत नाही, नेमकी तीच माहिती त्यात गाळलेली असते. या पत्रात आजाराचे नाव, पुरळ उठल्याची तारीख आणि परतण्याची अट या तीन गोष्टी स्पष्ट असल्याच पाहिजेत, हा येथे मांडायचा पक्ष आहे. त्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप आधी पाहणे योग्य ठरेल.

पहिला आक्षेप वरवर पाहता बराच सबळ आहे. कांजिण्या अंगावर दिसण्यापूर्वीच पसरू लागतात, मग पुरळ उठल्यावर शाळेला कळवून काय साधणार, असे विचारले जाते. यातील पहिले विधान खरे आहे. व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूमुळे होणारा हा आजार पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून श्वासावाटे आणि नंतर फोडांतील पाण्यावाटेही दुसऱ्याला होऊ शकतो, आणि ज्याला तो पूर्वी झालेला नाही व ज्याने लसही घेतलेली नाही, अशी व्यक्ती एकाच घरात राहत असेल तर ती बहुधा सुटत नाही. परंतु या विधानातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पत्र झालेला संसर्ग परतवू शकत नाही हे खरे, पण तो संसर्ग कधी उगवेल हे ते सांगू शकते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला परिपाककाल म्हणतात. कांजिण्यांत तो १० ते २१ दिवसांचा, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आसपास असतो. म्हणजे पुरळ उठल्याची एक तारीख हाती आली, की वर्गातील बाकीच्या मुलांवर कोणत्या दिवसांत लक्ष ठेवायचे हे साध्या बेरजेने निघते.

एक उदाहरण तारखांसह पाहू. चौथीतला एक मुलगा शनिवारी, ७ फेब्रुवारी रोजी, सकाळची अर्धी शाळा करून घरी आला आणि रविवारी ८ तारखेला संध्याकाळी आंघोळीच्या वेळी त्याच्या पाठीवर व पोटावर पहिले पुरळ दिसले, असे समजा. एक-दोन दिवस मागे मोजले, तर शुक्रवार ६ आणि शनिवार ७ या दोन दिवशी तो वर्गात संसर्ग देऊ शकत होता. शुक्रवारच्या संपर्काला १० दिवस मिळवले की १६ फेब्रुवारी येते, आणि शनिवारच्या संपर्काला २१ दिवस मिळवले की २८ फेब्रुवारी. त्या वर्गात दुसरा रुग्ण दिसायचा असेल, तर तो साधारणपणे या तेरा दिवसांत दिसेल. या काळात सकाळी मुलाचे अंग पाहूनच त्याला शाळेत धाडावे, एवढे वर्गशिक्षिकेने इतर पालकांना सांगितले, तरी दुसरा रुग्ण पुरळासह दिवसभर बाकावर बसून राहत नाही. ‘प्रकृती बरी नसल्याने’ या शब्दांतून ही बेरीज करता येत नाही.

याच तारखेवर अवलंबून असलेली दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. ‘कांजिण्या सगळ्यांनाच एकदा येतात आणि जातात’ हे म्हणणे निरोगी मुलांपुरते बहुतांशी खरे असले, तरी शाळेत केवळ निरोगी मुले नसतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारे मूल आणि पूर्वी कांजिण्या न झालेली गरोदर शिक्षिका यांना हा आजार गंभीर होऊ शकतो. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात तो झाल्यास क्वचित गर्भालाही इजा पोहोचते. अशा व्यक्तींना जिवंत विषाणूची लस देता येत नाही. त्यांच्यासाठी तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आयत्या प्रथिनांचे, इंजेक्शन असते, ते संपर्कानंतर जितके लवकर तितके बरे आणि फार तर दहा दिवसांच्या आत द्यावे लागते. ज्या निरोगी मुलाने लस घेतलेली नाही, त्याला संपर्कानंतर तीन दिवसांत, उशिरात उशिरा पाच दिवसांत, लस दिल्यास आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची चांगली शक्यता असते. कांजिण्यांची लस आपल्याकडील मोफत राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात नसल्याने कोणत्याही वर्गात ती न घेतलेली बरीच मुले असणार, हे गृहीतच धरावे लागते. या सर्व मुदती पालकाच्या पत्रातील तारखांवरूनच काढायच्या असतात.

दुसरा आक्षेप परतीच्या तारखेसंबंधी आहे आणि तो घरातील वडीलधाऱ्यांकडून तसाच काही शाळांकडूनही येतो: एकवीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय, निदान अंगावरची शेवटची खपली पडल्याशिवाय, मुलाला शाळेत घेऊ नये. यातला एकवीसचा आकडा वर सांगितलेल्या परिपाककालाचा आहे. तो संपर्कात आलेल्या दुसऱ्या व्यक्तीसाठी असून रुग्णासाठी नाही, आणि हे दोन काळ एकमेकांत मिसळल्याने मुलाची दोन आठवड्यांची शाळा उगाच बुडते. खपली पडण्याच्या अटीमागे देवीच्या रोगाची छाया असावी. देवीचा रुग्ण शेवटची खपली गळेपर्यंत संसर्गजन्य मानला जाई, कारण तिच्या खपल्यांतही विषाणू असे. पण १९८० साली जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झालेला तो रोग वेगळा आणि कांजिण्या वेगळ्या. कांजिण्यांत फोडातील पाणी आटून त्यावर कोरडी खपली धरली की त्या फोडापासून धोका उरत नाही. ती खपली नंतर एक ते तीन आठवडे अंगावर राहू शकते आणि तिच्यासाठी मुलाला घरी ठेवण्यात काही अर्थ नाही. कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ घालून मग बाहेर पाठवण्याची जी रीत अनेक घरांत आहे, ती पाळण्यास हरकत नाही. मात्र संसर्ग संपला की नाही हे ती आंघोळ ठरवत नाही, फोडांची स्थिती ठरवते.

याच्या अगदी उलट बाजूचा आक्षेप परीक्षेच्या दिवसांत ऐकू येतो: ताप उतरला, मूल खेळू लागले, आता पाठवायला काय हरकत आहे? येथे आजाराचा क्रम नीट पाहिला पाहिजे. कांजिण्यांचे पुरळ एकाच वेळी उठत नाही, तीन-चार दिवस ते टप्प्याटप्प्याने येत राहते. प्रत्येक लाल ठिपक्याचा उंचवटा होतो, उंचवट्यात पाणी भरून पातळ सालीचा फोड होतो, पाणी गढूळ होते आणि मग खपली धरते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पोटावर खपल्या दिसत असतानाच त्यांच्या शेजारी ताजे लाल ठिपके उठलेले असतात, आणि एकाच जागी सगळ्या अवस्था दिसणे ही या आजाराची ओळखच आहे. पोटावरच्या खपल्या पाहून मूल बरे झाले असे ठरवणाऱ्या पालकाच्या नजरेतून केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत आणि कमरेच्या नाडीखाली असलेले ओले फोड हमखास निसटतात. म्हणून शाळेत पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर उजेडात डोक्याच्या त्वचेसह सर्व अंग पाहावे; एकही फोड ओला किंवा चमकदार दिसला, तर दुसऱ्या दिवशीची शाळा नाही. लस घेतलेल्या मुलाला पुरळ थोडे येते आणि पुष्कळदा त्याचे फोड होतच नाहीत, म्हणून खपलीची वाटही पाहता येत नाही. तेथे चोवीस तासांत नवे पुरळ उठले नाही ही खूण धरतात.

आता प्रश्न राहतो तो हे सारे एका अर्जात कसे मांडावे याचा. वरच्या उदाहरणातील पालकाने सोमवारी ९ तारखेला शाळा भरण्यापूर्वी पाठवायचे पत्र इतके साधे असू शकते: ‘इयत्ता चौथी ब मधील माझ्या मुलाला डॉक्टरांनी कांजिण्या झाल्याचे सांगितले आहे. पुरळ रविवार दि. ८ रोजी संध्याकाळी उठले. तो शेवटचा शनिवार दि. ७ रोजी शाळेत होता. दि. ९ ते १४ पर्यंत रजा मिळावी. सोमवार दि. १६ रोजी त्याला पाठवण्याचा विचार आहे, परंतु तोपर्यंत सर्व फोडांवर खपली धरली नसेल तर मी रजा वाढवण्याचे कळवीन. त्याची धाकटी बहीण पहिलीत आहे. तिला सध्या काही त्रास नाही, पण तिने लस घेतलेली नाही. कृपया वर्गातील पालकांना मुलाचे नाव न घेता सूचना द्यावी आणि आपल्या मते परतीची तारीख वेगळी असल्यास कळवावे.’

या पत्रातील १६ ही तारीख अंदाजाने टाकलेली नाही. पुरळ उठल्यापासून खपल्या धरायला साधारण पाच दिवस लागतात, म्हणजे हिशेब १३ तारखेला पुरा होतो. शनिवार आणि रविवार हे दोन दिवस हातचे राखून पुढचा सोमवार धरला आहे. तारीख आणि अट दोन्ही लिहिल्याने शाळेला नियोजन करता येते आणि पालकही घाईच्या दडपणाखाली येत नाही. बहिणीचा उल्लेखही अनाठायी नाही. भावाच्या सहवासात ती ६ तारखेपासून होती आणि त्याचे फोड सुकेपर्यंत राहणार, त्यामुळे तिला १६ फेब्रुवारीपासून थेट ७ मार्चच्या सुमारापर्यंत केव्हाही पुरळ येऊ शकते. लक्षणे नसताना तिची शाळा बंद करण्याची गरज नसते, पण तिच्या वर्गशिक्षिकेला आधीच माहीत असलेले बरे. घरात दुसऱ्या क्रमाने आजारी पडणाऱ्या मुलाचा आजार पुष्कळदा अधिक जोरकस असतो, हेही पालकाने ध्यानात ठेवावे, आणि तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. त्यामुळे यकृत व मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा विकार उद्भवू शकतो.

नाव जाहीर होईल, इतर पालक मुलाला दूर लोटतील, ही भीती मात्र खरी आहे आणि तिचे उत्तर शाळेनेच दिले पाहिजे. सूचनेत वर्ग आणि दिवस लिहिले की काम भागते, मुलाचे नाव लिहिण्याचे कोणतेही कारण नसते. जी शाळा प्रामाणिक पत्राच्या बदल्यात मुलाला तीन आठवडे दाराबाहेर ठेवते, ती पुढच्या पालकाला ‘प्रकृती बरी नसल्याने’ असे लिहायला शिकवते, म्हणून मुख्याध्यापकांनी खपली धरण्याचा नियम वर्षारंभीच पालकांना लेखी कळवावा. आणि पालकाने पुरळ दिसलेल्या रात्रीच पत्र लिहावे: सोमवारी सकाळी पोहोचलेल्या पत्रामुळे वर्गातील लस न घेतलेल्या मुलाला लसीची मुदत साधता येते, शुक्रवारी १३ तारखेला पोहोचलेल्या पत्राच्या वेळी ती संपलेली असते.