तपासणीच्या नावाने उंबरठा ओलांडणारे, आणि त्यांची वाट मोकळी ठेवणारे



गेल्या पावसाळ्यात आपल्या इंदूरमधल्या रामबागेच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंच्या घरी जे घडले, ते त्यांच्या परवानगीने, नाव न देता, इथे सांगत आहोत. काकू ७६ वर्षांच्या. यजमान जाऊन सहा वर्षे झाली, मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. तीन पिढ्यांचे घर, दारावर अजूनही सासऱ्यांच्या नावाची पाटी.

दुपारी साडेबारा वाजता दोन तरुण आले. निळे शर्ट, गळ्यात गॅस कंपनीचे बोधचिन्ह असलेले कार्ड, हातात वही. "माताजी, गैस की अनिवार्य चेकिंग है, सबके यहाँ हो रही है." पाटीवरचे आडनाव वाचून त्यांनी "आप ही का नाम लिस्ट में है" असेही सांगितले. काकूंनी दार उघडले. घरी आलेल्या माणसाला आपल्यात दारात उभे ठेवत नाहीत.

एकाने डायरी मागितली आणि तिच्यातला ग्राहक क्रमांक वहीत उतरवून घेतला. दुसरा ओट्याखाली वाकला. शेगडीला जिथे नळी बसते तिथे त्याने काहीतरी हलवले, साबणाचा फेस लावला आणि काकूंना बोलावून बुडबुडे दाखवले. "देखिए, लीक है. रात को कुछ हो जाता तो?" मग पिशवीतून नवी नळी निघाली, क्लिप निघाली, आणि रेग्युलेटरवर बसवायचे एक 'सेफ्टी डिवाइस' निघाले, तेही आता सक्तीचे आहे म्हणे. तपासणी ३००, नळी ४५०, डिव्हाइस १६००, एकूण २३५० रुपये. पावती वहीतल्या फाडलेल्या पानावर मिळाली, तिच्यावर ना एजन्सीचे नाव, ना शिक्का.

रात्री काकूंना गॅसचा वास आला. नशीब बलवत्तर म्हणून त्यांनी दिवा न लावता आधी शेजारच्यांना हाक मारली. शेजाऱ्यांनी रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडल्या. सकाळी एजन्सीत चौकशी केली तेव्हा उत्तर आले, "हमने किसी को नहीं भेजा." नवी म्हणून बसवलेली नळी साध्या रबराची होती आणि शेगडीच्या तोंडावर सैल बसत होती. जुनी नळी त्या दोघांनी सोबत नेली. तिला काही झाले होते की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

पैसे गेले ही यातली लहान गोष्ट. पैसे घेऊन त्यांनी एका एकट्या बाईच्या ओट्याखाली गळती ठेवून दिली, ही मोठी गोष्ट. आणि एक जण ओट्यापाशी गुंतवून ठेवत असताना दुसरा घरात कुठे कुठे फिरला, हे काकूंना आजही नीट सांगता येत नाही.

आता आमचा प्रश्न. असे लोक इतक्या सहज आत कसे येतात? आपली म्हातारी माणसे भोळी आहेत म्हणून, असे उत्तर ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. ज्या काकूंनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्या भोळ्या नाहीत. खोटा माणूस आत येतो, कारण खरा माणूसही तसाच येतो.

जरा आठवून पाहा. तुमच्या घरी एजन्सीचा खरा मेकॅनिक शेवटचा आला, तेव्हा आधी कळवून आला होता का? त्याने आपणहून ओळखपत्र दाखवले का? पैसे घेतले असतील तर छापील पावती दिली का? बहुतेक घरांत तिन्हींचे उत्तर नाही असेच येईल. आणि तोही जाता जाता नळी, लायटर किंवा शेगडीचे बर्नर गळ्यात मारून गेला असेल. मग खऱ्या-खोट्यातला फरक सामान्य माणसाने ओळखायचा कशावरून?

नियम तसे साधे आहेत, पण ते आपल्याला कुणी सांगितलेले नाहीत. गॅसची अनिवार्य तपासणी पाच वर्षांतून एकदा होते, आणि ती आपल्या वितरकाचा मेकॅनिकच करतो. तिला शुल्क आहे. अलीकडच्या वर्षांत ते २०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ रुपये असे घेतले गेले. त्याची पावती वितरकाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह मिळायला हवी. याखेरीज गेल्या काही वर्षांत तेल कंपन्यांनी घरोघरी मोफत प्राथमिक सुरक्षा तपासणीची देशव्यापी मोहीम चालवली. म्हणजे एक तपासणी पैशांची आणि दुसरी फुकटची. कोणती कधी होते, कोण करतो, हे एजन्सीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले तुम्ही पाहिले आहे का? आम्ही पाहिलेले नाही. या अंधारातच 'सबके यहाँ हो रही है' म्हणणाऱ्याचे फावते.

एजन्सीवाले म्हणतात, ग्राहकांनी सावध राहावे. राहूच. पण सावध राहायचे तर कशाशी ताडून पाहायचे, ते आधी तुम्ही द्या. "हमने किसी को नहीं भेजा" एवढे बोलून हात झटकणे आता चालणार नाही.

ते देतील तेव्हा देतील. तोवर आपल्या हातात काय आहे ते पाहू.

गळ्यातल्या कार्डावर विश्वास नको. असे कार्ड कोणत्याही छपाईच्या दुकानात होते. खरा मेकॅनिक वितरकाकडून यादी घेऊन येतो, तेव्हा आपला ग्राहक क्रमांक त्याच्याकडे असतो. तुमच्या दाराची पाटी वाचून नाव सांगता येते, क्रमांक सांगता येत नाही. म्हणून डायरी हातात देऊ नका, त्यालाच क्रमांक विचारा. मात्र टाकीबरोबर मिळणारी पावती आपण कचऱ्यात टाकतो आणि तिच्यावर हा क्रमांक छापलेला असतो. तेव्हा क्रमांक बरोबर सांगितला तरी दार लगेच उघडायचे नाही. जाळीचे दार बंद ठेवून, आपल्या डायरीवर छापलेल्या क्रमांकावर एजन्सीला फोन करायचा. त्याने दिलेल्या किंवा त्याच्या कार्डावरच्या क्रमांकावर करायचा नाही, कारण तिकडे फोन उचलणारा त्याचाच साथीदार असू शकतो. खरा असेल तो पाच मिनिटे थांबेल. खोटा बहुधा "कनेक्शन बंद हो जाएगा" अशी धमकी देईल किंवा पुढच्या गल्लीत निघून जाईल. दारात उभ्या माणसाने म्हटले म्हणून गॅस बंद होत नाही. त्या दिवशी परत पाठवले तरी आपले काही बिघडत नाही. तपासणी एजन्सीतून वेळ ठरवून, मुलगा किंवा शेजारी घरात असताना करून घेता येते.

नळीचेही समजून घ्या, कारण सगळा खेळ तिच्यावरच होतो. "पाइप एक्सपायर हो गया" हे वाक्य कधी कधी खरेही असते. मान्यताप्राप्त सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ती नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली असते. तिच्या अंगावर आयएसआय चिन्ह, आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि बनवल्याचा महिना व वर्ष इंग्रजीत छापलेले असते. आजच चष्मा लावून आपल्या नळीवरचे वर्ष वाचा आणि डायरीत लिहून ठेवा. म्हणजे कुणी येऊन भीती घातली तर उत्तर तयार असेल. मुदत संपली असेल तर नळी एजन्सीतून, बिल घेऊन आणा. दारावर आलेल्याच्या पिशवीतली नळी घेऊ नका. नुसता नारिंगी रंग बघूनही फसू नका, रंग कुणालाही देता येतो.

आणि ते बुडबुडे! साबणाची परीक्षा खोटी नाही, खरा मेकॅनिकही तीच करतो. पण नळी किंचित मागे ओढली की चांगल्या जोडातूनही बुडबुडे येतात. म्हणून आपली परीक्षा आपणच करावी. शेगडीची बटणे बंद, रेग्युलेटर चालू, आणि दोन्ही जोडांवर साबणाचा फेस. बुडबुडे फुगत राहिले तर गळती आहे. मग रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर घराबाहेर जाऊन फोन करा. जो माणूस काडी किंवा लायटर पेटवून गळती शोधतो, तो मेकॅनिक नव्हे, हे तर लहान पोरानेही ओळखावे.

आणखी एक गोष्ट कठोरपणे सांगतो, राग मानू नये. काकूंनी ही हकीकत आम्हाला तीन आठवड्यांनी सांगितली. लोक हसतील, मुलगा म्हणेल आता एकटी राहू नकोस, या भीतीने त्या गप्प राहिल्या. त्यानंतर आम्ही चौकशी केली, तेव्हा त्याच दोन गल्ल्यांत आणखी दोन घरे निघाली. दोघांनीही कुणाला सांगितले नव्हते. पहिल्या घराने त्याच दिवशी सांगितले असते, तर पुढची घरे वाचली असती. खोटे नाव, खोटा हुद्दा सांगून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ खाली गुन्हा आहे. "दो हजार के लिए क्या रिपोर्ट लिखवाओगे" असे ठाण्यात कुणी म्हणाले, तर सांगा की गुन्हा दोन हजारांचा नाही, ओट्याखाली ठेवलेल्या गळतीचा आहे. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर मंडळाला कळवा, आम्ही सोबत येऊ. फाटकी पावती, बसवलेली नळी, वेळ, गाडीचा क्रमांक, जे असेल ते जपून ठेवा.

मंडळाच्या वतीने आपल्या भागातल्या गॅस एजन्सींना आम्ही निवेदन देणार आहोत. मागण्या तीनच आहेत. तपासणीला येण्याआधी तारीख ग्राहकाला मोबाइलवर कळवावी. मेकॅनिकची नावे आणि छायाचित्रे एजन्सीच्या फलकावर लावावीत. आणि कोणती तपासणी मोफत, कोणती किती रुपयांची, नळीची किंमत किती, हे हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत दर्शनी भागात लिहावे. यातल्या एकाही मागणीला खर्च म्हणावा असा खर्च नाही. गणेशोत्सवात आरतीला आणि निवडणुकीत दाराला येणाऱ्या नगरसेवकांनाही आम्ही या निवेदनावर सही करायला सांगणार आहोत. कोण करतो आणि कोण टाळतो, ते पुढच्या अंकात नावानिशी छापू.

दार उघडण्याआधी विचारणे हा पाहुण्याचा अपमान नव्हे. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याला आत घ्यायचे कारण नाही.