मी विसरलो. पूर्णविराम.

लग्नाचा वाढदिवस विसरल्यावर माफी कशी मागावी, यावर आमच्या नातेवाइकांत सध्या जोरदार चर्चा चालू आहे. कारण अर्थातच मी. सगळ्यांचे सल्ले ऐकून घेतले, आता माझं मत इथे मांडतो. ज्यांना राग यायचा असेल त्यांनी खुशाल यावा.

झालं असं. आमचं लग्न 14 मे 1977 चं. 2025 च्या 14 मे ला दुपारी पानात आमरस-पुरी होती. मी दोन वाट्या रस ओरपला आणि विचारलं, "आज काय विशेष?" ही म्हणाली, "काही नाही." रात्री लेकीचा फोन आला, "बाबा, आईला काय दिलंत?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता खरी चूक सांगतो. विसरणं ही पहिली. दुसरी त्याहून मोठी होती. मी कारणं द्यायला लागलो. आधी सोसायटीची मोटर बिघडली होती ते सांगितलं. मग वय झालं म्हणालो. शेवटी तर कमालच केली. म्हटलं, "अगं, तिथीने अजून आठवडाभर आहे. आपण तिथीने करू."

कारण तसं खोटं नव्हतं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, अधिक महिना तो फरक भरून काढतो आणि तारीख-तिथी जवळपास 19 वर्षांनी पुन्हा जुळतात. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं! तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अहो, तिथीचा एवढा हिशोब करता येतो, मग तारीख कशी विसरलात?"

यावर उत्तर नव्हतं. सबब जितकी हुशार, तितकी ती आपल्याच विरुद्ध साक्ष देते. वयाचंही तसंच. पेन्शन जमा झाली की नाही हे पाहायला मी कधी विसरत नाही.

जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून थोडं व्याकरण. आपल्या भाषेत गुन्हेगाराला पळून जायला बऱ्याच वाटा आहेत. "राहून गेलं", "लक्षातच आलं नाही", "माझ्याकडून विसरलं गेलं". यातल्या कुठल्याच क्रियापदाचा धागा माझ्याशी जुळत नाही. पण "मी तारीख विसरलो" हे वाक्य बघा. "मी तारीख लिहिली" म्हणताना क्रियापद तारखेच्या मागे जातं, कर्मणी होतं. "विसरलो" मात्र कर्म समोर असूनही कर्त्यालाच चिकटून राहतं. मी पुरुष म्हणून "विसरलो", ही असती तर "विसरले". दोष कोणाचा, ते भाषेनेच ठरवून ठेवलंय. मग आपण कशाला वाटा शोधायच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी एवढंच म्हणालो, "काल आपल्या लग्नाचा वाढदिवस होता. मी विसरलो. तू मुद्दाम रस केलास आणि मी आज काय विशेष म्हणून विचारलं. रात्री वर सबबी सांगितल्या. चुकलो." "तुला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणालो नाही. वाटलंच होतं, त्यात "तर" कुठून आला? "माफ कर" असंही म्हणालो नाही. तो आज्ञार्थ आहे, त्यात काम पुन्हा तिच्यावरच पडतं.

ही म्हणाली, "हं. चहा निवतोय." लगेच हसली वगैरे नाही. संध्याकाळी मात्र स्वतःहून लग्नातल्या पंगतीची एक गोष्ट काढली.

मेहुण्यांचं म्हणणं, साडी घेऊन टाकायची, विषय संपला. साडी जरूर घ्यावी, पण बोलून झाल्यावर, आणि माफीच्या बदल्यात नाही. भाचा म्हणतो, कारण सांगणं म्हणजे प्रामाणिकपणाच की! नेहमी नाही. माझी कसोटी साधी आहे. ते वाक्य गाळलं तर समोरच्याचं काही अडतं का? मी रोजच्याच गोष्टी विसरायला लागलो असतो, तर ते तिला सांगायलाच हवं होतं, कारण मग डॉक्टरांकडे जावं लागलं असतं. ते कारण तिच्या उपयोगाचं. मोटर बिघडल्याचं कारण फक्त माझ्या उपयोगाचं.

शाळेत गृहपाठ न आणलेली मुलं रोज नवी गोष्ट रचायची. एखादाच मान खाली घालून म्हणायचा, "सर, नाही केला." त्याला मी कधी छडी मारली नाही. पुढचं शिकवायला वेळ त्याच्यामुळेच उरायचा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 14 मे च्या चौकोनात हिने दुधाचा खाडा लिहिला होता. म्हणजे रोज तिथे नजर जात होतीच, फक्त माझी नाही. 2026 चं कॅलेंडर आणल्याबरोबर तो चौकोन मी स्वतः लाल पेनाने रंगवला.

असो. मेहुणे हे वाचणार आहेत, त्यांनी प्रतिक्रिया जरूर द्यावी. सबबी मात्र चालणार नाहीत.