जमा-खर्चाच्या ओळींमधून : सनदी लेखापालांचा निरोप

शिक्रापूरला पुणे-नगर रस्त्यावर माझ्या भाच्याचे पॅकिंग मालाचे दुकान आहे. पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्ट्या, लाकडी पॅलेट असा माल तो छोट्या कारखानदारांकडून घेतो आणि सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांना पुरवतो. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने मला दूरध्वनी केला. स्वरात किंचित वैताग होता. त्याच्या सनदी लेखापाल बाईंचा निरोप आला होता. तो त्याने मला वाचून दाखवला :

‘जय जिनेंद्र भाऊ. 2024-25 च्या लेखापरीक्षण अहवालाची मुदत 30 सप्टेंबर आहे. मंगळवार, 9 सप्टेंबर रोजी सकाळी 11 वाजता कार्यालयात बसू. दोन तास लागतील. बँक खातेउतारे, मार्चचे स्टॉक स्टेटमेंट, आणि 31 मार्चला ज्यांचे पैसे देणे होते त्या पुरवठादारांची बिलवार यादी आणावी. यादीत प्रत्येक बिलाचा माल पोचल्याचा दिवस व पैसे दिल्याचा दिवस हवा. सोबत पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रे व ऑर्डरच्या प्रती. फोटो पाठवू नयेत, कागद समोर हवेत.’

‘मामा, वाघोलीच्या गर्दीतून पुण्याला जाण्यात अर्धा दिवस जातो,’ भाचा म्हणाला. ‘सगळ्यांचे पैसे मी मेच्या आत चुकते केले आहेत. मग ही यादी कशाला?’

वाचकहो, या प्रश्नातच त्याची गफलत होती आणि ती पुष्कळ व्यापारी करतात. जीएसटीची मार्चअखेरची थकबाकी विवरणपत्राच्या मुदतीआधी भरली की तो खर्च त्याच वर्षी मान्य होतो. ही सवलत सर्वच देण्यांना आहे, असा आपला समज असतो. परंतु आयकर कायद्याच्या कलम 43ब मध्ये (ज) हे पोटकलम आले आणि 2023-24 या खातेवर्षापासून लागू झाले. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल कायद्याने ठरवलेल्या दिवसांत दिले नाही, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरले जाते. विवरणपत्राआधी पैसे दिल्याची सबब येथे चालत नाही.

हे दिवस किती, हे बहुतेकांना अर्धवट ठाऊक असते. सर्वांच्या तोंडी पंचेचाळीस हा आकडा आहे. परंतु लेखी करार असेल तरच करारातील मुदत लागू होते, आणि तीही पंचेचाळीस दिवसांपलीकडे धरली जात नाही. लेखी काही नसेल तर फक्त पंधरा दिवस मिळतात. दिवसांची मोजणी माल पोचल्यापासून होते. पोचल्यापासून पंधरा दिवसांत मालाबद्दल लेखी तक्रार केली असेल, तर पुरवठादाराने तिचे निवारण केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. म्हणूनच बाईंनी बिलाची तारीख न मागता माल पोचल्याचा दिवस आणि ऑर्डरची प्रत मागितली होती.

मी भाच्याबरोबर गेलो. 31 मार्च 2025 रोजी चार पुरवठादारांचे मिळून 9,80,000 रुपये देणे होते. बाईंनी एकेक बिल समोर घेतले.

पहिले बिल मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याचे, 3,10,000 रुपयांचे. त्याचे उद्यम प्रमाणपत्र होते, पण त्यावर व्यवसायाचे स्वरूप ‘व्यापार’ असे नोंदलेले होते. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. वेळेवर पैसे मिळण्याचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे. हे बिल बाजूला झाले.

दुसरे चाकणच्या खोकी बनविणाऱ्याचे, 2,50,000 रुपयांचे. माल 20 जानेवारीला पोचला होता आणि ऑर्डरवर पंचेचाळीस दिवसांची मुदत दोघांच्या सहीने लिहिलेली होती. ती 6 मार्चला संपली. पैसे गेले 10 एप्रिलला. हा खर्च 2024-25 मध्ये नामंजूर. हेच पैसे उशिराने का होईना, 31 मार्चपर्यंत दिले असते तर खर्च त्याच वर्षी मान्य झाला असता.

तिसरे सणसवाडीच्या छोट्या कारखान्याचे, तेही 2,50,000 रुपयांचे. माल 25 मार्चला आला, लेखी मुदत पंचेचाळीस दिवसांची, म्हणजे 9 मेपर्यंत. पैसे 5 मेला दिले. वर्षअखेरीस देणे उभे असले तरी मुदत पाळली गेली होती, म्हणून पूर्ण खर्च मान्य.

चौथ्या बिलाने भाच्याला गप्प केले. रांजणगावजवळचा पॅलेट करणारा वर्षानुवर्षांच्या ओळखीचा, सगळा व्यवहार तोंडी. माल 12 मार्चला आला आणि 1,70,000 रुपये 20 एप्रिलला दिले. ‘चाळीस दिवसही झाले नाहीत,’ भाचा म्हणाला. ‘लेखी काय आहे?’ बाईंनी विचारले. लेखी काहीच नव्हते. मुदत पंधरा दिवसांची ठरली आणि ती 27 मार्चलाच संपली होती.

दुसरे आणि चौथे बिल मिळून 4,20,000 रुपये नफ्यात परत मिळवावे लागले. भागीदारी पेढीला तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे 1,31,040 रुपयांचा जादा भार. पैसे एप्रिलमध्ये दिले गेल्याने हा खर्च 2025-26 मध्ये मिळेल; तो बुडाला नाही, पण कराची रक्कम आज खिशातून गेली. आणि प्रमाणपत्रे व तारखा समोर नसताना सरसकट 9,80,000 नामंजूर धरले असते, तर हाच आकडा 3,05,760 रुपये झाला असता. त्या दोन तासांचे मोल एवढे होते.

बाईंनी स्टॉक स्टेटमेंट का मागितले, हे मात्र मला लगेच उमगले. बँकेत ती पत्रके तपासण्यात माझी वर्षे गेली आहेत. कॅश क्रेडिटची उचल ठरविताना मालाच्या किमतीतून न दिलेल्या मालाची देणी वजा होतात. उचल वाढावी म्हणून काही जण देणी कमी दाखवितात. भाच्याच्या मार्चच्या पत्रकात देणी होती अवघी 4,00,000, आणि ताळेबंदात 9,80,000. कारकुनाने फेब्रुवारीचाच आकडा पुन्हा लिहिला होता. बाईंनी तेथेच सांगितले, की ताळेबंद बँकेत पोचण्यापूर्वी दुरुस्त पत्रक स्वतःहून द्या. बँकेने शोधलेल्या फरकाला चूक म्हणवून घेणे कठीण जाते, हे मी खुर्चीच्या पलीकडून पाहिलेले आहे.

पुढे त्या वर्षी अहवालाची मुदत आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबरपर्यंत वाढली. भाचा मला हसत म्हणाला, ‘उगीच घाई केली.’ पण वाढली ती अहवालाची मुदत. 6 मार्च आणि 27 मार्च या तारखा तिने हलल्या नाहीत.

परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, मोठ्या कंपन्या माझे पैसे नव्वद दिवसांनी देतात. मीही उद्यम नोंदणीवाला, पण व्यापारी म्हणून मला हे संरक्षण नाही. आणि पॅलेटवाल्याला मी पंधरा दिवसांत द्यायचे?’ त्याचे दुःख खरे आहे. कायद्यातील ही फट व्यापाऱ्यालाच सोसावी लागते. पण मी त्याला एवढेच विचारले, की पॅलेटवाल्याने एप्रिलपर्यंत लाकडाचे आणि मजुरीचे पैसे कोठून दिले असतील? त्याने उत्तर दिले नाही.

आता त्याच्या छापील ऑर्डरवर पैशांच्या मुदतीची ओळ आहे, आणि दोघांच्या सह्या होतात. नवा पुरवठादार आला की प्रमाणपत्राची प्रत पहिल्या बिलाबरोबर फाईलला लागते. आणि फेब्रुवारीअखेरीस तो देण्यांची यादी काढतो. तेव्हा मुदत टळलेले बिलही 31 मार्चपूर्वी देता येते. सप्टेंबरच्या बैठकीत ते फक्त मोजता येते.