व्हिडिओखालची तारीख कशाची?

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. आतल्या पानावर दोन वर्षे छापलेली असतात, ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’. धडा केव्हा तयार झाला हे पाहायचे तर आपण पहिले वर्ष पाहतो. दुसरे फक्त हातातली प्रत केव्हा छापली ते सांगते. मोबाइलवरच्या व्हिडिओलाही अशाच दोन, कधी तीन-चार तारखा असतात. अडचण एवढीच की पडद्यावर त्यातली एकच दिसते, आणि ती कोणती हे बहुधा लिहिलेले नसते.

यात काय पणाला लागते हे आपल्या वाचकांना २०२० च्या एप्रिलची आठवण दिली की पुरे. दिल्लीतल्या निजामुद्दीन मरकजमधून लोकांना बाहेर काढण्याचे काम १ एप्रिलपर्यंत चालले होते. त्याच दिवसांत एक छोटी चित्रफीत घरोघरी फिरली. पोलिसांच्या गाडीत बसलेला एक तरुण पोलिसावर थुंकतो, असे तिच्यात दिसत होते, आणि हा मरकजमधला रुग्ण आहे असे खाली लिहिलेले होते. कित्येकांनी ते खरे मानले. त्याचे परिणाम फळे-भाजी विकणाऱ्या गरीब माणसांना भोगावे लागले.

ती चित्रफीत मुंबईकडची होती. तरुण कच्चा कैदी होता, घरून आलेले जेवण घेऊ दिले नाही म्हणून त्याने पोलिसांशी झटापट केली होती. महाराष्ट्र टाइम्स आणि मुंबई मिरर यांनी ती २९ फेब्रुवारी २०२० रोजीच दाखवली होती, म्हणजे मरकजचा विषय निघण्याच्या महिनाभर आधी. पडताळणी करणाऱ्यांनी ही जुनी प्रत शोधून काढली आणि प्रश्न तिथेच मिटला. कारण साधे आहे. जी गोष्ट फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली ती एप्रिलमध्ये घडलेली असूच शकत नाही. पहिल्या प्रसिद्धीची तारीख अशी वरची हद्द आखून देते: घटना त्या दिवशीची किंवा त्याआधीची, नंतरची नाही. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. आज चढवलेला व्हिडिओ आजचाच असेल असे कुणीही म्हणू शकत नाही.

आता ती चित्रफीत आपल्याच फोनमध्ये आली आहे असे धरून चालू. व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड फोनमध्ये साठवलेल्या फाइलचे नाव असे काहीसे असते:

```
VID-20200401-WA0007.mp4
```

मधले आकडे १ एप्रिल २०२० दाखवतात. ही चित्रीकरणाची तारीख नव्हे. फाइल तुमच्या फोनमध्ये उतरली तो दिवस. गॅलरीत दिसणारी तारीखही बहुधा तीच. चित्रीकरणाची मूळ नोंद फाइलच्या पोटात असते खरी, पण व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना व्हिडिओ लहान करते तेव्हा ती सहसा गळून पडते. म्हणून फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइलमध्ये तारीख उकरत बसू नये, वेळ जातो. त्याऐवजी व्हिडिओ मध्येच थांबवून दोन-तीन स्वच्छ चित्रांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. गाडीचा आतला भाग, चेहरे, गणवेश स्पष्ट दिसतील अशी चित्रे निवडावीत आणि गुगल लेन्समध्ये टाकून पाहावीत. शिवाय जे दिसते तेच साध्या शब्दांत शोधावे: ‘कैदी पोलीस व्हॅन थुंकला’. खाली लिहिलेला दावा शोधात घालू नये, नाहीतर तोच दावा पुन्हा पुन्हा समोर येतो.

शोधातून यूट्यूबचा एखादा व्हिडिओ सापडला की तिथे ‘६ वर्षांपूर्वी’ असे मोघम दिसते. वर्णनावर बोट ठेवून ते उघडले की पूर्ण तारीख मिळते. ही प्रसिद्धीची तारीख. समजा, एखाद्याने व्हिडिओ सोमवारी चढवून खासगी ठेवला आणि शुक्रवारी सर्वांसाठी खुला केला, तर तारीख शुक्रवारची लागते. नंतरच्या बदलांची तारीख मात्र यूट्यूब बघणाऱ्याला दाखवतच नाही. मालक शीर्षक बदलू शकतो, वर्णन नव्याने लिहू शकतो, दर्शनी चित्र बदलू शकतो, मधला तुकडा कापूही शकतो; तारीख जुनीच राहते. म्हणून जुनी तारीख आणि त्यावर ताज्या घटनेचे शीर्षक दिसले तर शीर्षक नंतर बदलले असावे असा संशय घ्यायला हरकत नाही. एक गोष्ट मालकाला जमत नाही: तोच दुवा ठेवून मूळ व्हिडिओच्या जागी सर्वस्वी दुसरा बसवणे. तसे करायचे तर नवा व्हिडिओ चढवावा लागतो आणि त्याला नवी तारीख लागते. जुन्या चित्रफिती ‘ताज्या’ होतात त्या बहुतेक अशाच, कुणीतरी उतरवून घेऊन पुन्हा चढवल्यामुळे. त्यामुळे एक प्रत सापडली म्हणून थांबू नये. तिच्याहून जुनी आणि तिच्याहून लांब प्रत आहे का, ते पाहावे. फिरणारा तुकडा बहुधा लांब व्हिडिओतून कापलेला असतो, आणि कापलेल्या भागातच खरी हकिगत असते.

बातमीच्या संकेतस्थळांची रीत निराळी. तिथे व्हिडिओच्या डोक्यावर बऱ्याचदा ‘अपडेटेड’ तारीख ठळक असते, आणि पहिली तारीख बारीक अक्षरांत किंवा मुळीच नसते. शीर्षकातली शुद्धलेखनाची चूक सुधारली तरी ती तारीख पुढे सरकू शकते. शोधाच्या निकालात गुगल जी तारीख दाखवते तीही कधी पहिली असते, कधी सुधारणेची. खात्री करायची असेल तर संगणकावर ते पान उघडून Ctrl+U दाबावे. पानाची कच्ची लिपी समोर येते. घाबरू नये, तिथे Ctrl+F ने datePublished शोधावे. बऱ्याच ठिकाणी अशा ओळी सापडतात (आकडे नमुन्यादाखल):

```
"datePublished": "2024-03-10T18:40:00+05:30"
"dateModified": "2024-06-02T11:05:00+05:30"
```

वरची प्रथमावृत्ती, खालची दुरुस्ती. व्हिडिओसाठी वेगळे uploadDate ही असते. हे आकडे संकेतस्थळच भरते, तेव्हा पुरावा म्हणून ते तेवढेच भरवशाचे जेवढे ते संकेतस्थळ.

शेवटी लागलेले +05:30 महत्त्वाचे आहे. ते सांगते की वेळ भारतीय आहे. यूट्यूबच्या पानाच्या लिपीत मात्र -08:00 किंवा -07:00 दिसते, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ. पुण्यात १ मार्चला सकाळी दहा वाजता चढवलेल्या व्हिडिओवर तिथल्या घड्याळाने आदल्या दिवशीची रात्री साडेआठची वेळ पडते. दोन ठिकाणी एका दिवसाचा फरक दिसला की लोक लगेच ‘तारीख बदलली’ म्हणतात. बहुतेक वेळा घड्याळच वेगळे असते. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मगरीबनंतर चांद दिसला की आपल्या घरात पहिली तारीख लागते, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात मात्र मध्यरात्रीपर्यंत जुनीच तारीख चालू असते. कुणीही खोटे बोलत नाही. फरक एका दिवसाहून जास्त असेल तर मात्र दुसरे कारण शोधावे लागते.

फेसबुकच्या पानांवर आणखी सांभाळावे. तिथे पान चालवणाऱ्याला पोस्टवर मागची तारीख टाकण्याची सोय मिळत आली आहे, म्हणजे आज चढवलेला व्हिडिओ मागच्या वर्षीचा दिसू शकतो. मजकूर बदलला असेल तर पोस्टच्या तीन टिंबांच्या मेनूमध्ये बदलांचा इतिहास पाहायला मिळतो. मागची तारीख टाकल्याचा संशय आला तर सर्वांत जुने प्रतिसाद कधीचे आहेत ते बघावे. पोस्ट गेल्या वर्षीची आणि पहिला प्रतिसाद कालचा, असे असेल तर त्या तारखेवर काही बांधू नये. तोच व्हिडिओ दुसऱ्या ठिकाणी कधी आला ते शोधावे.